चुकलेला नंबर, दोन अनोळखी माणसे : एका संदेशकथेची प्रस्तावना

चुकीच्या नंबरवर गेलेल्या संदेशापासून सुरू होणारी कथा पत्रकथेच्या घराण्यातली आहे. तिच्यात निवेदक नसतो, वर्णन नसते, पात्रांच्या मनात डोकावण्याची सोय नसते. कागदावर असतात ते दोघांनी एकमेकांना लिहिलेले शब्द आणि त्यांच्या बाजूला छापलेली वेळ. वामन मल्हार जोशी यांनी १९३४ मध्ये ‘इंदू काळे व सरला भोळे’ ही कादंबरी पत्रांतून रचली, तेव्हा पत्र कोणाला जाते आहे हे लिहिणाऱ्या पात्राला ठाऊक होते. चुकलेल्या नंबरच्या कथेत नेमका हाच आधार काढून घेतलेला असतो. लिहिणाऱ्याने एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आणि वाचले दुसऱ्याच कोणी, ही तिची पहिली घटना. मग ही चूक दुरुस्त झाल्यावरही दोघे लिहीत का राहतात, हा प्रश्न उरतो आणि सारी कथा त्याच प्रश्नावर उभी राहते.

या प्रकारातली दोन उदाहरणे वाचकाला ठाऊक असलेली बरी. ऑस्ट्रियन लेखक डॅनिएल ग्लाटाउअर यांची २००६ ची जर्मन कादंबरी पूर्णपणे ई-मेलमधून घडते. नायिकेला एका मासिकाची वर्गणी बंद करायची असते. पत्त्यात like ऐवजी leike टाइप होते आणि पत्र मासिकाऐवजी लिओ लाइके नावाच्या माणसाकडे जाते. तो चूक दाखवून देतो आणि प्रकरण तिथेच संपते. पुढे नाताळच्या शुभेच्छा घाऊक पाठवताना त्याचा पत्ता यादीत राहून गेलेला असतो, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. दुसरे उदाहरण घरचे आहे. रितेश बत्रा यांच्या २०१३ च्या ‘द लंचबॉक्स’ या चित्रपटात संदेशाच्या जागी जेवणाचा डबा चुकतो. इला नवऱ्यासाठी केलेले जेवण पाठवते आणि ते निवृत्तीला आलेल्या साजन फर्नांडिस यांच्या टेबलावर पोहोचते. डब्यातून चिठ्ठ्या जाऊ-येऊ लागतात. साजनची पहिली चिठ्ठी जेवण खारट झाल्याचे सांगते. तिच्यात कौतुक नाही, आभार नाहीत. दोन्ही कलाकृतींनी हे नीट ओळखले आहे की पहिल्या उत्तरात गोडवा असेल तर वाचक लगेच सावध होतो. पहिले उत्तर कोरडे, नेमके आणि थोडे आडमुठे हवे.

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यात अशी कथा घडवायची तर आधी नंबर का चुकला ते पटले पाहिजे. पूर्वी चुकीचा फोन लागणे रोजचे होते. आता नंबर फोनमध्ये साठवलेले असतात आणि कोणी आकडे दाबत नाही. तरीही चूक होण्याच्या दोन वाटा शाबूत आहेत. पहिली वाट म्हणजे बंद पडलेला नंबर नव्या माणसाला मिळणे. क्रमांक बंद झाल्यावर ९० दिवस तो कोणालाही दिला जात नाही, मग पुन्हा वाटपात येतो. जुन्या मालकाचे मित्र, बँका आणि दूधवाले नव्या मालकाला लिहीत राहतात. ही वाट कथेला वेगळेच वजन देते, कारण नंबरचा पूर्वीचा मालक कुठे गेला हा प्रश्न आपोआप मागे लागतो. हलक्याफुलक्या प्रेमकथेला हे ओझे पेलत नाही.

दुसरी वाट कानाची आहे. मराठी माणूस दहा आकडी नंबर पुष्कळदा जोड्यांनी सांगतो, आणि मराठी संख्यावाचनात गोंधळाला भरपूर जागा आहे. सदुसष्ट आणि अडुसष्ट एकाच चालीत येतात. एकोणसाठ म्हणजे ५९ की ६९, हे ऐकणाऱ्याला क्षणभर थांबून ठरवावे लागते. फलाटावर उद्घोषणा चालू असताना शेजारणीने सांगितलेला नंबर डोंबिवलीची बाई लिहून घेते, तेव्हा शेवटची जोडी चुकणे अगदी स्वाभाविक आहे. या वाटेचा आणखी एक फायदा असा की ज्याला संदेश जायला हवा होता ती व्यक्ती खरी असते, जवळच राहत असते आणि पुढे कथेत उपयोगी पडते.

ही रचना कशी चालते हे एका नमुन्यावर पाहता येईल. काळ दसऱ्यानंतरचा. डोंबिवलीत घरगुती फराळ करून देणाऱ्या एका काकूंचा नंबर शेजारणीकडून घेतला आहे, शेवटची जोडी सदुसष्टऐवजी अडुसष्ट लिहिली गेली आहे.

रात्री ९:४० : काकू, चकली एक किलो आणि अनारसे अर्धा किलो हवेत. धनत्रयोदशीपर्यंत मिळतील ना?
रात्री ९:५२ : नंबर चुकलाय. अनारसे मला जमत नाहीत.
रात्री ९:५३ : सॉरी!
रात्री ९:५९ : चकलीही नाही, विचारणार असाल तर.

या चार ओळींत वरवर काही घडलेले नाही. पण चौथा संदेश अनावश्यक आहे आणि कथा त्याच्यापाशी सुरू होते. तिसऱ्या संदेशाने व्यवहार पुरा झाला होता. मग सहा मिनिटे गेली. त्या सहा मिनिटांत पलीकडच्या माणसाने फोन खाली ठेवला असेल, पुन्हा उचलला असेल. हे सांगायला निवेदक नाही, पण घड्याळ आहे. संदेशकथेत वेळेचे आकडे सजावटीसाठी छापलेले नसतात. वर्णनाचे काम तेच करतात. अनुभवी लेखक प्रत्येक संदेशाआधी ठरवतो की हे उत्तर किती वेळाने आले आणि त्या वेळात काय झाले. नवखा लेखक सगळी उत्तरे मिनिटाच्या आत पाठवतो, आणि मग दोन्ही पात्रे रिकामटेकडी वाटू लागतात.

याच चार ओळींत मराठीची एक खास अडचणही दिसते. इंग्रजीत लिहिलेल्या अशा कथेत बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे अनेक पाने लपवता येते. मराठीत क्रियापद ते सांगून टाकते. ‘मी येतो’ किंवा ‘मी येते’ म्हटले की संपले. म्हणून सुरुवातीचे संदेश रचताना लेखकाला लिंग न दाखवणारी रूपे निवडावी लागतात. ‘मला हवंय’, ‘मला जमत नाही’, ‘मी सांगितलं’, ‘मी येईन’ ही सगळी रूपे सुरक्षित आहेत. वरच्या नमुन्यात मागणी नोंदवणारी व्यक्ती बाई आहे असे वाचक धरून चालतो, पण संदेशात तसे कुठेही म्हटलेले नाही. उत्तर देणाऱ्याबद्दलही तसेच. ही झाकपाक फार ताणली तर संवाद अवघडतो, कारण बोलताना माणूस साधा वर्तमानकाळ टाळू शकत नाही. तीन-चार दिवसांनी एक सकाळचा संदेश येतो, ‘ठाणं आलं, उतरते.’ त्यावर उत्तर येते, ‘मी कल्याणला उतरतो. म्हणजे रोज उलट्या दिशेने.’ दोन क्रियापदांनी दोन माणसे एकमेकांसमोर उभी केली. फोटो नाही, नाव नाही, तरी इथून पुढे संवादाचा ताण बदलतो. लिंग उघड होण्याची जागा लेखकाने आधीच ठरवलेली असावी. चुकून उघड झाली तर सुरुवातीचा सगळा संयम वाया जातो.

ती डोंबिवलीहून ठाण्याला जाते, तो ठाण्याहून कल्याणला. डोंबिवली ते ठाणे हे अंतर सुमारे १४ किलोमीटर, लोकलने साधारण वीस-पंचवीस मिनिटे. अशा कथेला हा पट्टा मानवतो, कारण संवादाची बैठक किती लांबेल हे रेल्वेने ठरवून दिलेले असते. गाडीत चढल्यावर हात मोकळा होईपर्यंत काही लिहिता येत नाही. स्टेशन जवळ आले की बोलणे अर्धवट सोडून दाराकडे सरकावे लागते. त्यामुळे प्रत्येक बैठक आपसूक अधुरी राहते आणि उत्सुकता टिकवण्यासाठी लेखकाला युक्त्या कराव्या लागत नाहीत. रविवारी मेगाब्लॉक, शिवाय सुट्टी, म्हणजे प्रवासाचे निमित्त नाही. सोमवारी सकाळी पहिला संदेश कोण पाठवतो याला मग अर्थ येतो. डोंबिवलीत दीर्घकाळ राहिलेल्या शं. ना. नवरे यांच्या कथा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना मध्यमवर्गीय घरांतल्या साध्या बोलण्यात किती काही मावते हे सांगायला नको. संदेशकथेला लागते ती हीच साधी बोली. सुभाषितवजा वाक्ये तिच्यात टिकत नाहीत.

रात्रीच्या संदेशाचे तसे नाही. अनोळखी बाईला रात्री अकरानंतर ‘जाग्या आहात का?’ असे विचारणे हे धाडस आहे, आणि बहुतेक वेळा आगाऊपणा. इथे पंचांग लेखकाच्या मदतीला येते. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी कोजागरी. त्या रात्री जागणे रीतीतच बसते, म्हणून नमुन्यातला तो ११:२० ला लिहितो, ‘जाग्या आहात का? आज विचारायला हरकत नसावी.’ तिचे उत्तर ११:४१ ला येते, ‘दूध आटतंय.’ एवढेच. नाही म्हटले नाही, बोलावलेही नाही. लघळपणा आणि लाडिक चेष्टा यांच्यातली सीमा इथे स्पष्ट दिसते. समोरच्याला न अवघडता माघार घेता येईल एवढी जागा प्रत्येक संदेशाने ठेवली पाहिजे. ती जागा ठेवली नाही तर ती प्रेमकथा उरत नाही. स्त्रीने स्पष्ट नाराजी दाखवल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. लेखकाने कायदा कथेत आणायची गरज नाही. पण दोघांपैकी कोणीही कोणत्याही क्षणी थांबू शकते हे वाचकाला सतत जाणवले पाहिजे. निदान एकदा तरी तिने उत्तर न देऊन पाहावे आणि त्याने गप्प राहून दाखवावे. या प्रकारातल्या फसलेल्या कथा बहुधा इथेच फसतात. लेखक पुरुषाच्या चिकाटीला प्रेम समजतो आणि बाईच्या तोंडी लटका राग देतो.

बोलायला विषयही हवा, आणि तो चुकीतूनच आलेला असला तर उत्तम. अनारसे हा विषय पुरून उरतो. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, कापडावर पसरून ओलसर असतानाच दळायचे, चाळायचे, गुळात मळून ठेवायचे. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचे, खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता. पीठ बिघडले की अनारसा तुपात फुटून पसरतो, आणि स्वयंपाकघरात त्याला ‘अनारसा हसला’ म्हणतात. काकूंचा बरोबर नंबर मिळाल्यावरही ती यंदा घरीच करून पाहायचे ठरवते.

रात्री १०:०५ : तिसरा पण हसला.
रात्री १०:०६ : कशावर?
रात्री १०:१४ : तुम्हाला खरंच माहीत नाही?
रात्री १०:१५ : माहीत आहे. तुम्ही सांगावं असं वाटलं.

शेवटच्या ओळीत पहिल्यांदा इच्छा उघड झाली आहे. ती अनारशाच्या आडून आली, म्हणून चालून गेली. हीच ओळ ओळखीच्या दुसऱ्याच दिवशी आली असती तर उद्धट ठरली असती. चेष्टेची प्रत्येक पायरी आधीच्या परवानगीवर उभी असते, आणि ती परवानगी वाचकानेही दिलेली असावी लागते.

‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे ही मराठी संदेशकथेची सर्वांत मोठी घटना. मिठी नाही, भेट नाही, पण या एका बदलाला तेवढेच वजन आहे. तो ठरवून, विचारून झाला तर नाटकी वाटतो. घसरून झाला तर खरा वाटतो. व्हॉट्सअॅपवर मे २०२३ पासून पाठवलेला संदेश १५ मिनिटांच्या आत बदलता येतो, मात्र खाली Edited अशी खूण राहते. नमुन्यातला तो ‘झोपलीस?’ असे लिहितो आणि मिनिटभरात ते ‘झोपलात?’ करतो. ती सकाळी ७:५० ला लिहिते, ‘आधीचं बरं होतं.’ तंत्राने दिलेली ही खूण लेखकाला फार उपयोगी आहे, कारण माघार घेतल्याचा पुरावाच ती मागे ठेवते. पुसून टाकलेला संदेशही असाच रिकामी चौकट मागे ठेवून जातो. पण ही सोय एका कथेत एकदाच वापरावी.

तीच कथा २००८ मध्ये घडवली तर नियम निराळे होतात. तेव्हाचा एसएमएस रोमन लिपीत १६० अक्षरांचा असे. देवनागरीत लिहिला की ७० अक्षरांतच संपे. म्हणून बहुतेक मराठी प्रेम तेव्हा रोमन लिपीत लिहिले गेले आणि त्यात काल, काळ, कळ हे सगळे kal झाले. वाचले की नाही हे कळायला निळ्या खुणा नव्हत्या. त्या व्हॉट्सअॅपवर २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या. दिवाळीसारख्या सणाला मोफत एसएमएसची योजना चालत नसे, प्रत्येक संदेशाचे पैसे पडत. सणाच्या दिवशी आलेला संदेश तेव्हा खर्च करून पाठवलेला असे. त्या काळाची कथा लिहिणाऱ्याने हा खर्च विसरू नये, आणि आजची कथा लिहिणाऱ्याने प्रोफाइलचा फोटो विसरू नये. आज अनोळखी नंबरचा फोटो आणि नाव बहुधा क्षणात दिसते. गूढ टिकवायचे असेल तर फोटोच्या जागी देवाची मूर्ती किंवा सूर्यास्त आहे एवढे तरी कथेत कुठेतरी यायला हवे.

आजच्या वाचकाच्या मनात आणखी एक शंका असते, आणि तिने हा प्रकार मुळापासून बदलला आहे. चुकून आल्यासारखा भासणारा संदेश ही आता फसवणुकीची नेहमीची पहिली पायरी आहे. ‘सॉरी, राँग नंबर’पासून गप्पा, गप्पांपासून जवळीक आणि जवळिकीपासून गुंतवणुकीचा सल्ला असा त्याचा ठरलेला मार्ग असतो. पैसे गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक झाले आहे. त्यामुळे कथेतल्या दोघांनीही एकमेकांवर संशय घेतला नाही तर वाचकाला ती भोळसट वाटतात. शंका दूर होते ती पडताळता येणाऱ्या बारीक तपशिलाने. ठग घाईत असतो, लवकर गोड होतो आणि जागेबद्दल मोघम बोलतो. कोणत्या फलाटावर इंडिकेटर बंद होता हे त्याला सांगता येत नाही.

नमुन्यात ही परीक्षा उलटी लागते. एका सकाळी ८:२१ ला ती लिहिते, ‘कोपरला थांबलीये, खिडकी मिळाली.’ पुढचा तासभर काही नाही. मग येते, ‘बोगद्यात रेंज गेली.’ तो रोज त्याच मार्गाने जाणारा. कोपरला फक्त स्लो गाड्या थांबतात, आणि स्लो गाडी मुंब्रा-कळवा करत डोंगराला वळसा घालून ठाण्याला येते. पारसिकच्या बोगद्यात ती शिरतच नाही. तो एवढेच लिहितो, ‘कोपरला थांबणारी गाडी बोगद्यातून जात नाही.’ इथे वाचकालाही धास्ती वाटली पाहिजे. ही बाई खरोखर त्या गाडीत आहे का? दिवसभर दोन्हीकडे शांतता. रात्री ९:३० ला खरे कारण येते, ‘मैत्रीण शेजारी येऊन बसली. फोन पर्समध्ये टाकला. का टाकला ते मलाच कळलं नाही.’

खोटे पकडले गेले आणि त्यातूनच कबुली निघाली. लपवावेसे वाटले, म्हणजे लपवण्याजोगे काही आहे. या प्रसंगात कथेचा मध्य आहे, आणि तो साधतो तो केवळ रेल्वेचा मार्ग नीट ठाऊक असल्यामुळे. स्थळ बदलून हीच कथा पुण्यात नेली तर हा प्रसंग उरत नाही, त्याच्या जागी पुण्याच्या रस्त्यांतूनच निघणारे काहीतरी शोधावे लागेल. स्थळ कथेत मुरले आहे की नुसते नावापुरते आहे, हे ओळखायची खात्रीची कसोटी हीच.

शेवट हा या प्रकारातला अवघड भाग, आणि त्याचे कारण रचनेतच आहे. दोघे समोरासमोर आले की संदेश थांबतात, आणि संदेश थांबले की कथेकडे भाषाच उरत नाही. भेटीचे वर्णन करायला निवेदक आणला तर आतापर्यंत पाळलेला नियम मोडतो. ‘द लंचबॉक्स’सुद्धा भेटीच्या अलीकडेच थांबतो. डोंबिवलीच्या कथेला मात्र एक सोय आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे फडके रोडवर गणेश मंदिराच्या परिसरात नटूनथटून आलेल्या तरुणाईची एवढी गर्दी होते की ठरवून आलेली ओळखीची माणसेही एकमेकांना फोनवर शोधत असतात. भेट झाली तरी संदेश चालूच राहू शकतात, कारण समोर असूनही माणूस सापडत नाही. ‘मंदिराच्या डाव्या हाताला.’ ‘कोणाच्या डाव्या?’ ‘तू जिथे उभा आहेस तिथून.’ ‘म्हणजे तुला मी दिसतोय?’ या संदेशानंतर दोन निळ्या खुणा आणि उत्तर नाही, एवढ्यावर थांबता येते. ती त्याच्याकडे चालत निघाली की गर्दीत मागे वळली, हे मधल्या पानांतून ठरलेले असले पाहिजे. कोजागरीच्या त्या एकवीस मिनिटांत, पर्समध्ये टाकलेल्या फोनमध्ये आणि ‘आधीचं बरं होतं’मध्ये तिचा स्वभाव नीट उतरला असेल, तर कोणत्याही वाचकाला ते विचारावे लागत नाही. उतरला नसेल, तर शेवटी जोडलेला आणखी एखादा संदेश ती उणीव भरून काढत नाही. लेखकाला मागे जाऊन कोजागरीची रात्र पुन्हा लिहावी लागते.